लवचीक स्कोपचा अ‍ॅजाइल करार: टार्गेट कॉस्ट आणि कॅपचा टाइम अँड मटेरियल करार कसा बांधावा

सॉफ्टवेअरचे काम अ‍ॅजाइल पद्धतीने करायचे, म्हणजे दर दोन आठवड्यांनी ग्राहकाला चालणारे काहीतरी दाखवून त्याच्या सूचनेप्रमाणे पुढची दिशा ठरवायची, असे दोन्ही पक्ष आनंदाने मान्य करतात. त्याच वेळी सहीसाठी जो मसुदा समोर येतो, त्यात मात्र संपूर्ण कामाची यादी, एकच ठरलेली रक्कम आणि एकच तारीख असते. मी काही वर्षे असे करार व्हेंडरच्या बाजूने आणि नंतर ग्राहकाच्या बाजूनेही हाताळले आहेत. स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती, बदलू देणारा करार पहिल्यांदाच करणाऱ्या लहान कंपन्यांच्या मालकांसाठी, प्रोजेक्ट मॅनेजरांसाठी आणि खरेदी विभागातील मंडळींसाठी हा लेख लिहीत आहे.

येथे दोनच प्रकार घेतले आहेत. पहिला कॅप घातलेला टाइम अँड मटेरियल करार, म्हणजे लागलेल्या दिवसांचे पैसे, पण ठरलेल्या कमाल रकमेपर्यंतच. दुसरा टार्गेट कॉस्ट करार, ज्यात आधी एक लक्ष्य खर्च ठरतो आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी-जास्त झाला की फरक दोघांत वाटला जातो. ही वाटणीची कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही. ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या एनईसी या बांधकाम करारांच्या मालिकेत 'ऑप्शन सी' या नावाने ती आहे, आणि अमेरिकेच्या सरकारी खरेदीच्या नियमांतही लक्ष्य खर्च, लक्ष्य नफा, वाटणी आणि कमाल किंमत अशी तिची रचना फार पूर्वीपासून आहे. मात्र पुलाच्या बांधकामात नकाशा बराचसा ठरलेला असतो आणि सॉफ्टवेअरमध्ये तो दर महिन्याला बदलतो, त्यामुळे तिकडची कलमे जशीच्या तशी उचलून चालत नाही.

सगळ्या पायऱ्यांना पुरेल असे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगली परिसरातील एक शीतगृह-व्यावसायिक आहे, ज्याच्या स्वतःच्या मालवाहू गाड्या आहेत. त्याला ऑर्डर घेण्यापासून माल पोहोचवण्यापर्यंतची व्यवस्था सांभाळणारे सॉफ्टवेअर हवे आहे. व्हेंडर पुण्यातील एक लहान कंपनी असून या कामावर तिचे पाच जण बसणार आहेत. नफा न धरता एका माणसाच्या एका दिवसाचा खर्च ६,००० रुपये धरला आहे. दोन आठवड्यांच्या एका स्प्रिंटमध्ये दहा कामाचे दिवस, म्हणून एक स्प्रिंट ५० मॅनडेचा आणि ३ लाख रुपये खर्चाचा होतो.

## १. कॅप म्हणजे नेमके काय, ते आधी ठरवा

कॅपच्या करारात सर्वांत जास्त भांडणे एकाच न लिहिलेल्या गोष्टीवरून होतात. कमाल रक्कम संपली आणि काम उरले, तर पुढे काय? याची दोन अगदी वेगळी उत्तरे आहेत. पहिले उत्तर असे की रक्कम संपली तिथे काम थांबते, जेवढे झाले तेवढे ग्राहकाचे, आणि उरलेले हवे असेल तर त्याने नवी मंजुरी द्यायची. दुसरे उत्तर असे की रक्कम संपली तरी ठरलेले काम व्हेंडरने स्वतःच्या खर्चाने पूर्ण करून द्यायचे.

पहिल्या उत्तरात काम अपुरे राहण्याची जोखीम ग्राहकाकडे आहे. दुसऱ्यात ती पूर्णपणे व्हेंडरकडे आहे, आणि शिवाय काम लवकर संपले तर उरलेले पैसेही ग्राहकाचेच. म्हणजे तोटा पूर्ण, बचत शून्य. असा करार व्हेंडरने केला, तर तो दर फुगवून तरी घेतो किंवा कॅपपर्यंतचे दिवस भरून काढण्याची काळजी तरी घेतो. त्यात वाईट हेतू असण्याची गरज नाही, आकडेच त्याला तिकडे नेतात. म्हणून दुसऱ्या अर्थाची कॅप हवी असेल, तर स्कोप गोठवावा लागेल. स्कोप मोकळा ठेवून 'कॅपमध्ये सर्व पूर्ण करून द्यावे' असे वाक्य मसुद्यात दिसले, तर व्हेंडरने तिथेच थांबून ते दुरुस्त करून घ्यावे. ग्राहकानेही या वाक्याने आपण सुरक्षित झालो असे समजू नये, कारण तोट्यात चाललेला व्हेंडर सर्वांत आधी आपली अनुभवी माणसे दुसऱ्या कामावर हलवतो.

## २. पहिले काही स्प्रिंट कॅपखाली करा आणि लक्ष्य त्यानंतर ठरवा

लक्ष्य खर्च कोऱ्या पाटीवर ठरवू नका. काम सुरू होण्याआधीचा अंदाज हा वाटाघाटीतून आलेला आकडा असतो. व्हेंडरला लक्ष्य मोठे हवे असते, कारण फुगलेल्या लक्ष्यातून 'बचत' दाखवणे सोपे जाते, आणि ग्राहकाला ते लहान हवे असते. यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे दोन टप्पे. पहिला टप्पा छोट्या कॅपचा, रक्कम संपली की थांबायचे या पहिल्या अर्थाने, आणि त्यात मिळालेल्या वेगावरून दुसऱ्या टप्प्याचे लक्ष्य.

आपल्या उदाहरणात पहिला टप्पा तीन स्प्रिंटचा ठेवू. दिवसाचा दर १० टक्के नफा धरून ६,६०० रुपये, १५० मॅनडेचे ९ लाख ९० हजार, म्हणून कॅप १० लाखांची. कामाचा स्वतंत्रपणे तपासता येणारा छोटा तुकडा म्हणजे स्टोरी, आणि तिच्या आकाराचा तुलनात्मक अंदाज म्हणजे स्टोरी पॉइंट. या तीन स्प्रिंटमध्ये टीमने अनुक्रमे १८, २५ आणि २९ स्टोरी पॉइंटचे काम स्वीकृत करून घेतले, म्हणजे सरासरी २४. उरलेल्या बॅकलॉगचा, म्हणजे अजून करायच्या स्टोरींच्या यादीचा, अंदाज ४८० पॉइंट आला. २४ च्या वेगाने त्याला २० स्प्रिंट, १,००० मॅनडे आणि ६० लाख रुपये लागतील. हा झाला लक्ष्य खर्च, आणि एका पॉइंटचा खर्च १२,५०० रुपये.

येथे शेवटच्या स्प्रिंटचा वेग उचलून लक्ष्य ठरवण्याचा मोह टाळा. २९ च्या वेगाने तेच काम सुमारे ५० लाखांत बसते आणि १८ च्या वेगाने ते ८० लाखांवर जाते. तीन स्प्रिंटचा पुरावा एवढाच रुंद पट्टा दाखवतो, आणि तो दोघांनी एकत्र बसून पाहणे फार उपयोगाचे असते, कारण वाटणीची व कमाल किमतीची चर्चा याच पट्ट्यावर उभी राहते.

## ३. चार आकडे ठरवा आणि ते कागदावर चालवून पाहा

टार्गेट कॉस्ट करारात चार आकडे असतात: लक्ष्य खर्च, लक्ष्य नफा, वाटणीचे प्रमाण आणि कमाल किंमत. आपल्या उदाहरणात लक्ष्य खर्च ६० लाख, लक्ष्य नफा ६ लाख, म्हणून लक्ष्य किंमत ६६ लाख. वाटणी निम्मी-निम्मी. कमाल किंमत ७५ लाख. ग्राहकाने शेवटी द्यायची रक्कम अशी काढतात:

```
किंमत = लक्ष्य किंमत + (प्रत्यक्ष खर्च − लक्ष्य खर्च) × ग्राहकाचा वाटा
```

ही रक्कम कमाल किमतीच्या वर गेली, तर ग्राहक कमाल किंमतच देतो. आता हाच व्यवहार दिवसाला ६,६०० रुपये दराच्या आणि १,१०० मॅनडेच्या, म्हणजे ७२.६ लाखांच्या कॅपच्या कराराशेजारी ठेवून पाहा. यातील कॅप दुसऱ्या अर्थाची, म्हणजे काम पूर्ण करून देण्याची, धरली आहे. सर्व आकडे लाख रुपयांत आहेत.

| प्रत्यक्ष खर्च | टार्गेट: किंमत | टार्गेट: व्हेंडरचा नफा | कॅप: किंमत | कॅप: व्हेंडरचा नफा |
|---|---|---|---|---|
| ५२ | ६२ | १० | ५७.२ | ५.२ |
| ६० | ६६ | ६ | ६६ | ६ |
| ७० | ७१ | १ | ७२.६ | २.६ |
| ७८ | ७५ | −३ | ७२.६ | −५.४ |
| ८४ | ७५ | −९ | ७२.६ | −११.४ |

पहिली ओळ नीट पाहा. काम ५२ लाखांत संपले, तर कॅपच्या करारात व्हेंडरचा नफा ६ वरून ५.२ लाखांवर घसरतो, म्हणजे चपळाईची त्याला शिक्षा मिळते. टार्गेट करारात तोच नफा १० लाख होतो. ग्राहकाला मात्र या ओळीत टार्गेट करार ४.८ लाखांनी महाग पडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ती रक्कम त्याने, काम लवकर संपवण्यात व्हेंडरचा स्वार्थ असावा यासाठी मोजलेली आहे. कॅपच्या कराराखाली तेच काम ५२ लाखांत संपले असते का, हा प्रश्न ग्राहकाने स्वतःला विचारावा.

७० लाखांच्या ओळीत चित्र फिरते. येथे टार्गेट करारात व्हेंडरचा नफा कॅपपेक्षाही कमी आहे, कारण त्याला झळ ६० लाखांपासूनच लागू लागते, तर कॅपच्या करारात ती ६६ लाखांच्या खर्चानंतर लागते आणि मग एकदम पूर्ण लागते. टार्गेट कराराचा गुण हाच की दुखणे लवकर सुरू होते आणि दोघांना सुरू होते, त्यामुळे बोलणीही लवकर सुरू होतात.

यापलीकडे आणखी एक आकडा काढून ठेवा, जो नवखे लोक हमखास विसरतात. वाढीव खर्चाचा अर्धा वाटा ग्राहक देत राहतो, पण कमाल किमतीला पोहोचल्यावर त्याचा वाटा संपतो. तो बिंदू काढण्यासाठी कमाल किमतीतून लक्ष्य किंमत वजा करा, ग्राहकाच्या वाट्याने भागा आणि लक्ष्य खर्च मिळवा. ७५ वजा ६६ म्हणजे ९, भागिले ०.५ म्हणजे १८, अधिक ६० म्हणजे ७८ लाख. ७८ लाखांच्या पुढे प्रत्येक रुपया व्हेंडरच्या खिशातून जातो आणि त्या क्षणापासून हा करार वागणुकीत ठोक रकमेचाच होतो. आपला खर्चाचा पट्टा ८० लाखांपर्यंत जात होता हे आठवा. म्हणजे पट्ट्याचे वरचे टोक या बिंदूच्या जरासे पलीकडेच आहे, आणि माझ्या मते ते योग्य आहे. बिंदू पट्ट्याच्या मध्यावर आला असता, तर वाटणी केवळ कागदावर राहिली असती.

## ४. 'खर्च' कशाला म्हणायचे ते लिहून काढा

वाटणी खर्चाची आहे, म्हणून खर्चाची व्याख्या सैल राहिली तर बाकी सर्व गणित निरर्थक ठरते. दिवसाच्या ६,००० रुपयांत काय काय आले ते सांगा: पगार, भविष्यनिर्वाह निधी, जागा, लॅपटॉप, व्यवस्थापकाचा वेळ. त्यात नफा मिसळलेला नसावा. नफा दरात दडवला असेल, तर खर्च वाढताना व्हेंडरला खरी झळ लागत नाही आणि करार पुन्हा साधा टाइम अँड मटेरियल होतो. पाच जणांत दोन अनुभवी आणि तीन शिकाऊ असतील, तर एकच सरासरी दर ठेवण्याऐवजी श्रेणीनुसार दर लिहा, नाहीतर अनुभवी माणूस काढून शिकाऊ बसवला की हिशेबात फरक न दिसता कामात दिसतो.

मग कोणता खर्च वाटणीत धरायचा नाही तेही लिहा. स्वीकृतीपूर्वी सापडलेला दोष दुरुस्त करण्याचा वेळ हा कामाचाच भाग आहे, तो वाटणीत धरावा. स्वीकृतीनंतर हमीच्या काळात सापडलेल्या दोषाचा खर्च मात्र व्हेंडरचा. व्हेंडरने मध्येच माणूस बदलला, तर नव्या माणसाच्या शिकण्याचे दिवसही त्याचेच. उलट, ग्राहकाने जुन्या हिशेबातील ग्राहकांच्या नोंदी वेळेवर दिल्या नाहीत आणि टीम बसून राहिली, तर ते दिवस खर्चात धरून लक्ष्यही तेवढ्याने वाढवायला हवे. मात्र अशी अडचण व्हेंडरने ठराविक मुदतीत, साधारण पाच कामाच्या दिवसांत, लेखी कळवलेली असली पाहिजे. सहा महिन्यांनी जुन्या अडवणुकींची यादी काढून दाखवणे दोघांनाही परवडत नाही.

## ५. लक्ष्य कधी हलते आणि कधी हलत नाही

संपूर्ण करारात सर्वाधिक वेळ या कलमाला द्या. स्कोप लवचीक आहे म्हणजे तो बदलणारच. प्रत्येक बदलाबरोबर लक्ष्य हलले, तर वाढीव खर्च असा काही उरतच नाही आणि सारी जोखीम ग्राहकावर येते. लक्ष्य कधीच हलले नाही, तर प्रत्येक नवी मागणी व्हेंडरच्या नफ्यातून कापली जाते. जोखीम खरोखर कोणाकडे आहे हे वाटणीच्या टक्क्यांपेक्षा या कलमावर अधिक ठरते.

त्यासाठी लक्ष्य स्टोरींच्या यादीला न बांधता हेतूंना बांधा. बॅकलॉगमधील प्रत्येक मोठ्या भागाला एक तपासता येईल असा हेतू आणि गोठवलेले पॉइंट द्या. उदाहरणार्थ, 'सकाळी एका गाडीचा दिवसभराचा मार्ग दहा मिनिटांच्या आत ठरवता आला पाहिजे', ४० पॉइंट. मग चार प्रकारचे बदल वेगळे करता येतात.

पहिला, अदलाबदल. ग्राहकाला गाडीतील तापमानाची नोंद सेन्सरवरून हवी झाली, अंदाज ३० पॉइंट. त्याने इंधनाचे २२ पॉइंटचे अहवाल आणि ८ पॉइंटची हिंदी भाषेची सोय काढून टाकली. आकार तेवढाच, लक्ष्य जागच्या जागी. काढलेल्या भागावर काम सुरू झालेले नसावे, एवढी अट पुरे.

दुसरा, खरी भर. ग्राहकाची उलाढाल ५ कोटींच्या पुढे गेली आणि त्याला जीएसटीचे ई-इनव्हॉइस लागू झाले, जे सुरुवातीला कोणाच्याच यादीत नव्हते. अंदाज २४ पॉइंट. १२,५०० रुपयांप्रमाणे लक्ष्य खर्च ३ लाखांनी वाढून ६३ लाख होतो, आणि लक्ष्य नफा व कमाल किंमत त्याच प्रमाणात वाढून ६.३ व ७८.७५ लाख होतात.

तिसरा, हेतू सोडून देणे. ग्राहकाला एखादी गोष्ट नकोच झाली आणि तिच्या जागी काहीही आले नाही, तर तिचे पॉइंट लक्ष्यातून वजा होतात. न केलेल्या कामाची बचत कोणीही वाटून घेऊ नये.

चौथा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. हेतू तोच राहतो, पण तो गाठण्याची सोपी वाट सापडते. मार्ग ठरवण्याचे काम आपोआप करणारी गणिती यंत्रणा ४० पॉइंटची होती. टीमने गाडीचालकांबरोबर बसून पाहिले, तेव्हा थांब्यांची यादी पडद्यावर बोटाने वरखाली करता आली तर त्यांचे काम सहा-सात मिनिटांत होते असे दिसले, आणि ते १२ पॉइंटचे काम होते. हेतू पूर्ण होतो, म्हणून लक्ष्य कमी करायचे नाही. वाचलेले २८ पॉइंट, म्हणजे साडेतीन लाख रुपये, दोघांत वाटले जातात. ठोक करारात व्हेंडरला अशी सूचना करण्याची भीती वाटते आणि दिवसावारीच्या करारात त्याला ती करण्याचे कारण नसते. सोपी वाट सुचवण्याचे कारण त्याला याच कलमातून मिळते.

तिसरा आणि चौथा प्रकार दिसायला सारखे असतात, कारण दोन्हींत बॅकलॉग आखडतो. म्हणून हेतू तपासता येईल असाच लिहिलेला हवा आणि प्रत्येक बदलाच्या नोंदीवर तो कोणत्या प्रकारचा आहे हे लिहून ग्राहकाच्या प्रॉडक्ट ओनरची, म्हणजे काय आणि आधी काय करायचे हे त्याच्या वतीने ठरवणाऱ्या व्यक्तीची, व व्हेंडरच्या प्रमुखाची सही त्याच आठवड्यात झाली पाहिजे. नव्या कामाचे पॉइंट फुगू नयेत यासाठी पहिल्या टप्प्यात पूर्ण झालेल्या चार-पाच स्टोरी मापाच्या म्हणून परिशिष्टात जोडा आणि नवा अंदाज नेहमी त्यांच्याशी ताडून काढा.

## ६. दर स्प्रिंटला अखेरच्या खर्चाचा अंदाज काढा

टाइमशीट ग्राहकाला खुली ठेवा आणि दर स्प्रिंटला एकच आकडा दोघांनी मिळून काढा: आतापर्यंतचा खर्च, अधिक उरलेले पॉइंट गुणिले प्रत्यक्ष पडलेला दर. समजा, कोणताही बदल नसताना आठ स्प्रिंट झाले. खर्च २४ लाख, पण १९२ ऐवजी १६८ पॉइंटच स्वीकृत झाले. प्रत्यक्ष दर पॉइंटला सुमारे १४,३०० रुपये पडला, ३१२ पॉइंट उरले आहेत, म्हणून अखेरचा खर्च सुमारे ६८.६ लाखांवर जाताना दिसतो. व्हेंडरचा ६ लाखांचा नफा १.७ लाखांवर आला आहे आणि ग्राहकालाही ४.३ लाख जास्त मोजावे लागणार आहेत.

हे आठव्या स्प्रिंटला कळले तर चौथ्या प्रकारचे बदल शोधायला वेळ असतो. अठराव्या स्प्रिंटला कळले तर फक्त कारणे शोधली जातात. बिघाडाची आणखी एक खूण म्हणजे स्वीकृतीची वाट पाहणाऱ्या स्टोरींची रांग. खर्च चढतो आहे, काम झाल्याचे व्हेंडर सांगतो आहे, पण पॉइंट स्वीकृत होत नाहीत, अशा वेळी बहुतेकदा ग्राहकाकडे तपासायला माणूस नसतो. यासाठी स्वीकृतीची मुदत लिहा. पाच किंवा सात कामाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ती स्टोरी स्वीकृत मानावी.

बिले स्प्रिंटवार द्या: प्रत्यक्ष खर्च अधिक लक्ष्य नफ्याचा विसावा भाग, म्हणजे ३० हजार रुपये. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पैसे देण्याची मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांहून लांबवता येत नाही.

## ७. मध्येच थांबण्याचा नियम आधीच लिहा

स्कोप लवचीक असेल, तर ग्राहकाला 'आता एवढे पुरे' म्हणण्याचा हक्क हवा. पण हा हक्क आणि वाटणी यांची सांगड घातली नाही, तर विचित्र परिणाम होतो. समजा, ग्राहकाने ३८४ पॉइंट, म्हणजे ८० टक्के काम झाल्यावर थांबायचे ठरवले आणि तोवरचा खर्च ४६ लाख झाला. लक्ष्य ६० लाखांवर तसेच राहिले, तर कागदावर १४ लाखांची 'बचत' दिसते, तिचे ७ लाख व्हेंडरला मिळतात आणि ग्राहक ८० टक्के कामाचे ५९ लाख मोजतो.

म्हणून थांबताना लक्ष्य स्वीकृत पॉइंटच्या प्रमाणात कमी करायचे. लक्ष्य खर्च ४८ लाख, लक्ष्य नफा ४.८ लाख. खरी बचत २ लाख, तिचा अर्धा वाटा १ लाख. किंमत ५१.८ लाख होते. व्हेंडरने पाच माणसे या कामासाठी राखून ठेवलेली असतात, त्यांना लगेच दुसरे काम मिळत नाही. म्हणून उरलेल्या लक्ष्य नफ्याचा काही भाग, समजा १.२ लाखांपैकी निम्मा म्हणजे ६० हजार, आणि चार आठवड्यांची पूर्वसूचना, अशी तरतूद मला न्याय्य वाटते. ही रक्कम दंड म्हणून लिहू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ खाली करारभंगासाठी लिहिलेल्या रकमेतून वाजवी भरपाईच मिळते आणि ती किती यावर वाद घालता येतो. येथे भंग झालेलाच नाही, ग्राहक हक्क वापरतो आहे आणि ती त्या हक्काची किंमत आहे, अशीच शब्दरचना हवी.

## ८. सहीपूर्वी कोणती कागदपत्रे तयार हवीत

मुख्य करार छोटा ठेवा आणि बदलणाऱ्या गोष्टी परिशिष्टांत घाला. किमान पुढील कागद हवेत:

- हेतूंची यादी, प्रत्येकाची तपासणीची कसोटी आणि गोठवलेले पॉइंट
- मापाच्या स्टोरी आणि 'काम पूर्ण' म्हणजे काय याची व्याख्या
- श्रेणीनुसार दिवसाचे दर आणि त्यात काय धरले आहे याचा तपशील
- चार आकडे, सूत्र आणि वरच्यासारखा भरलेला तक्ता
- बदलाच्या नोंदीचा नमुना, चार प्रकारांच्या रकान्यांसह
- दोन्ही बाजूंनी सही करू शकणाऱ्या व्यक्ती आणि त्यांच्या गैरहजेरीत कोण

भरलेला तक्ता कराराचाच भाग करण्याचा मी आग्रह धरतो. सूत्राचे दोन अर्थ लावता येतात, पण ७० लाख खर्चाला ७१ लाख किंमत असे लिहिलेले असेल तर वाद उरत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. करार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल ठरतो. स्कोप मोकळा असला तरी तो ठरवण्याची रीत आणि किंमत काढण्याची रीत लिहिलेली असेल, तर अर्थ निश्चित करता येतो.

दुसरी काळजी मालकीची. बाहेरच्या कंपनीकडून लिहून घेतलेल्या प्रोग्रामचा पहिला कॉपीराइट पैसे देणाऱ्याकडे आपोआप जात नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीचे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता मानला जातो. मध्येच थांबू शकणाऱ्या करारात 'संपूर्ण काम झाल्यावर हक्क मिळेल' असे कलम ग्राहकाने घेऊ नये. प्रत्येक स्प्रिंटचे पैसे चुकते होताच त्या स्प्रिंटच्या कामाचे हक्क, कायमचे आणि सर्व देशांसाठी, हस्तांतरित होतात असे लिहावे.

## ९. अखेरचा हिशेब

शेवटची स्टोरी स्वीकृत झाल्यावर तीस दिवसांच्या आत हिशेब पूर्ण करण्याची मुदत ठेवा. बदलांच्या नोंदीवरून अंतिम लक्ष्य काढा, टाइमशीटवरून मान्य खर्च काढा, सूत्र लावा आणि स्प्रिंटवार दिलेल्या बिलांची बेरीज त्यातून वजा करा. ५२ लाख खर्चाच्या ओळीत काम साधारण साडेसतरा स्प्रिंटमध्ये संपलेले असते. तेव्हा खर्चाचे ५२ लाख आणि नफ्याचे हप्ते मिळून सुमारे ५७ लाखांची बिले गेलेली असतात, म्हणून ग्राहकाने आणखी सुमारे ५ लाख द्यायचे असतात. ७० लाखांच्या ओळीत उलट होते. खर्चाचे ७० आणि वीस हप्त्यांचे ६ मिळून ७६ लाख आधीच दिले गेलेले असतात, आणि व्हेंडरला ५ लाख परत करावे लागतात.

परताव्याची ही शक्यता व्हेंडरला सुरुवातीला कळलेली असते, पण पैसे तोवर पगारांत गेलेले असतात. म्हणून अखेरच्या खर्चाचा अंदाज लक्ष्याच्या वर गेला, की त्याच स्प्रिंटपासून नफ्याचा हप्ता थांबवण्याचे कलम घाला. त्याने परतावा पूर्ण टळत नाही, पण बराच आटोपशीर होतो. हा फरक जीएसटीच्या दृष्टीने वाढीव रकमेला डेबिट नोट आणि परताव्याला क्रेडिट नोट काढून दाखवावा लागतो. त्यासाठी वाटणीचे सूत्र मूळ करारात आणि संबंधित बिलांचे क्रमांक नोटेवर असलेले बरे, म्हणून हे कलम सहीपूर्वीच दोन्ही बाजूंच्या चार्टर्ड अकाउंटंटना दाखवून घ्या.